हॉटेलच्या खोलीत काही बिघडलं तर रिसेप्शनला इंग्रजीत काय सांगायचं? ब्रिटनला जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मुलाचा किंवा मुलीचा पदवीदान समारंभ, लेकीकडे जाताना वाटेत लंडनमध्ये दोन दिवस, किंवा टूर कंपनीशिवाय स्वतः आखलेली स्कॉटलंडची सहल. अशा प्रवासात दिवसभर सोबत कुणी ना कुणी असतं, पण रात्री खोलीचं दार लावल्यावर नळाला गरम पाणी येत नाही हे कळतं आणि फोन आपल्यालाच उचलावा लागतो. त्या फोनवर बोलायची वाक्यं इथे दिली आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे मोबाइलवर बघून तशीच वाचता येतील. ती ब्रिटनमधल्या हॉटेलांसाठी आहेत. अमेरिकेतही ती समजतात, पण वस्तूंची काही नावं तिथे वेगळी असतात.

तक्रार सांगायला सुरुवात कशी करायची?

ब्रिटनमध्ये अशा बोलण्याचा एक ठरलेला क्रम असतो. तो एकदा अंगवळणी पडला की वाक्यं पाठ करावी लागत नाहीत. आधी "त्रास देतोय, माफ करा" या अर्थाचं छोटं वाक्य, मग काय बिघडलंय ते, आणि शेवटी विनंती. ही विनंती प्रश्नाच्या रूपात करायची.

"सॉरी टू बॉदर यू. देअर्स अ प्रॉब्लेम विथ द शॉवर इन रूम थ्री-वन-फाइव्ह. कुड समवन हॅव अ लुक, प्लीज?"

पहिल्या वाक्यात माफी मागितली म्हणून चूक आपली ठरत नाही. तिथे दुकानात, बसमध्ये, रस्त्यात, कुणाशीही बोलायला सुरुवात अशीच होते. ते वाक्य गाळून थेट "शॉवर नॉट वर्किंग" म्हटलं तर समोरच्याला वाटतं की आपण आधीच चिडलेलो आहोत.

मधल्या वाक्यात फक्त वस्तूबद्दल बोलायचं. "यू हॅव गिव्हन अस अ बॅड रूम" हे माणसावर जातं. रात्री डेस्कवर बसलेल्या मुलाने ती खोली निवडलेली नसते, त्यामुळे तो आधी स्वतःचा बचाव करायला लागतो. "देअर्स नो हॉट वॉटर" म्हटलं की त्याच्यासमोर सोडवायला एक काम येतं. आपल्यालाही तेच हवं असतं.

सूर आणखी मऊ करायचा असेल तर दोन शब्दसमूह फार उपयोगी पडतात. एक, "आय ॲम अफ्रेड". इथे भीतीचा काही संबंध नसतो, "सांगायला बरं वाटत नाही, पण" एवढाच अर्थ. दुसरा, "डझन्ट सीम टू बी". "द हीटर डझन्ट सीम टू बी वर्किंग" म्हणजे हीटर चालत नाहीये असं दिसतंय. कदाचित आपल्यालाच तो लावता येत नसेल, ही शक्यता त्यात शिल्लक राहते आणि समोरचा मोकळेपणाने मदत करतो.

मी प्रत्येक वाक्यात प्लीज म्हणते, तरी रिसेप्शनवरची व्यक्ती तुटक बोलते. का?

मराठीत आदर क्रियापदातच असतो. "कुणाला तरी पाठवता का" किंवा "पाठवून द्या ना" म्हटलं की झालं. त्याचं इंग्रजी करताना "सेंड समवन, प्लीज" होतं, आणि ब्रिटिश कानाला ती आज्ञाच वाटते. नुसत्या प्लीजने ती विनंती होत नाही, त्यासाठी वाक्य प्रश्नार्थक असावं लागतं.

"गिव्ह मी टू टॉवेल्स, प्लीज" ऐवजी "कुड वुई हॅव टू मोअर टॉवेल्स, प्लीज?"

"चेंज माय रूम" ऐवजी "वुड इट बी पॉसिबल टू मूव्ह टू अनदर रूम?"

"टेल हिम टू कम फास्ट" ऐवजी "डू यू नो रफली हाऊ लाँग इट माइट बी?"

"आय वॉन्ट" हे शब्द हॉटेलात शक्यतो वापरूच नका. "आय वॉज होपिंग वुई कुड" किंवा "कुड आय" वापरा. आपल्या ऑफिसांतून रुळलेलं "काइंडली डू द नीडफुल" तिथे बहुतेकांना जुन्या सरकारी पत्रातलं वाटतं. त्याने कुणी रागावणार नाही, पण नेमकं काय हवंय तेही त्यातून कळत नाही.

फोनवर माझं बोलणं नीट कळत नाही. प्रत्यक्ष खाली जाऊन सांगावं का?

रिसेप्शन खालच्याच मजल्यावर असेल आणि वेळ बरी असेल तर जरूर जा. समोरासमोर बोलताना हातवारे करता येतात, फोटो दाखवता येतो. फोनच करायचा असेल तर तीन गोष्टी सांभाळा.

पहिली गोष्ट नकाराची. "इज वर्किंग" आणि "इजन्ट वर्किंग" यांत फोनवर जेमतेम एका अक्षराचा फरक ऐकू येतो, आणि आपल्या उच्चारात तेही हरवतं. म्हणून नकार वाक्याच्या सुरुवातीला आणा. "द हॉट वॉटर इजन्ट कमिंग" पेक्षा "देअर्स नो हॉट वॉटर" चुकून उलटं ऐकलं जाण्याची शक्यता फार कमी.

दुसरी, खोलीचा नंबर. तो एकेक आकडा सुटा करून सांगा. "थ्री फिफ्टीन" आणि "थ्री फिफ्टी" यांत गोंधळ होतो, "थ्री-वन-फाइव्ह" मध्ये होत नाही. शून्याला तिथे बहुतेक जण "ओ" म्हणतात, म्हणून ३०४ म्हणजे "थ्री-ओ-फोर". मजले आपल्यासारखेच मोजतात. रस्त्यालगतचा तो ग्राउंड फ्लोअर आणि त्याच्या वरचा फर्स्ट.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त चकवते. समोरून प्रश्न येतो, "सो इट्स नॉट वर्किंग ॲट ऑल?" मराठीत आपण "हो, अजिबात चालत नाहीये" म्हणतो, म्हणून तोंडून "येस" निघून जातं. इंग्रजीत अशा प्रश्नाला "नो" म्हणायचं असतं, आणि पुढे पूर्ण वाक्य जोडायचं: "नो, नॉट ॲट ऑल." नुसत्या येस किंवा नोवर थांबलं नाही की गैरसमजाला जागाच राहत नाही.

समोरचा भरभर बोलत असेल, विशेषतः ग्लासगो किंवा न्यूकासलकडच्या उच्चारात, तर संकोच करू नका: "सॉरी, कुड यू से दॅट अगेन अ बिट मोअर स्लोली, प्लीज?" असं म्हणण्यात काही गैर मानत नाहीत.

शॉवरला गरम पाणी येत नाही. अगदी पहिल्यापासून सांगाल का?

फोन करण्याआधी खोलीतच तीन गोष्टी बघून घ्या, कारण रिसेप्शनवरून तेच विचारतील. छोट्या गेस्ट हाऊसमध्ये बहुतेकदा विजेवर चालणारा शॉवर असतो आणि त्याचा स्विच बाथरूमच्या छतातून लोंबणारी दोरी असते. ती एकदा ओढली की छतावरच्या स्विचवर सहसा लाल दिवा लागतो आणि मगच पाणी तापतं. अशा दोन दोऱ्या असतील तर एक दिव्याची असते. अपंगांसाठी केलेल्या खोल्यांत मात्र जमिनीपर्यंत येणारी लाल दोरी असते. ती मदतीसाठी बोलावण्याची दोरी आहे, ओढली की रिसेप्शनला घंटा वाजते.

मोठ्या हॉटेलांत गोल मूठ फिरवून तापमान ठरवायचा शॉवर असतो. कुणी भाजू नये म्हणून ती मूठ ३८ अंशांवर अडते. तिच्यावरचं छोटं बटण दाबून धरलं की पुढे फिरते. आपल्याला कढत पाण्याची सवय असते, त्यामुळे ३८ अंशांचं पाणी कोमटच वाटतं आणि शॉवर बिघडलाय असा समज होतो. तिसरी गोष्ट, पाणी काही मिनिटं वाहू द्या. बॉयलर तळघरात आणि खोली चौथ्या मजल्यावर असेल तर गरम पाणी यायला वेळ लागतो.

हे सगळं करूनही पाणी गारच असेल तर फोन उचला. समजा जुलै महिना आहे, एडिनबरोत उद्या सकाळी मॅक्यूअन हॉलमध्ये मुलाचा पदवीदान समारंभ आहे, आणि रात्रीचे साडेदहा वाजलेत.

रिसेप्शन: "गुड ईव्हनिंग, रिसेप्शन."

तुम्ही: "गुड ईव्हनिंग, इट्स रूम थ्री-वन-फाइव्ह. सॉरी टू बॉदर यू. आय ॲम अफ्रेड देअर्स नो हॉट वॉटर इन अवर शॉवर."

रिसेप्शन: "ओह, आय ॲम सॉरी अबाउट दॅट. इज इट जस्ट द शॉवर, ऑर द बेसिन ॲज वेल?"

तुम्ही: "जस्ट द शॉवर. द बेसिन इज फाइन. वुई हॅव लेट इट रन फॉर टेन मिनिट्स, बट इट्स स्टिल कोल्ड."

रिसेप्शन: "हॅव यू ट्राइड द लिटल बटन ऑन द डायल?"

तुम्ही: "येस, वुई हॅव ट्राइड दॅट."

रिसेप्शन: "आय ॲम अफ्रेड मेंटेनन्स डोन्ट स्टार्ट टिल एट."

इथे पुष्कळ जण "ओके, थँक यू" म्हणून फोन ठेवतात आणि सकाळी गार पाण्याने अंघोळ करतात. खरं तर त्याने नाही म्हटलेलंच नाही. दुरुस्ती करणारा माणूस आठला येतो, एवढंच सांगितलंय. आपली अडचण त्याला अजून माहीतच नाही. ती सांगा आणि दोन पर्याय पुढे ठेवा.

तुम्ही: "आय अंडरस्टँड. द थिंग इज, इट्स अवर सन्स ग्रॅज्युएशन टुमॉरो अँड वुई हॅव टू लीव्ह बाय हाफ पास्ट एट. वुड इट बी पॉसिबल टू मूव्ह टू अनदर रूम टुनाइट, ऑर टू यूज अ शॉवर इन अनदर रूम इन द मॉर्निंग?"

रिसेप्शन: "लीव्ह इट विथ मी. आय विल गिव्ह यू अ कॉल बॅक."

तुम्ही: "थँक यू. रफली हाऊ लाँग विल दॅट बी?"

रिसेप्शन: "टेन मिनिट्स ऑर सो."

तुम्ही: "टेन मिनिट्स, लव्हली. कुड आय टेक युवर नेम, प्लीज?"

"द थिंग इज" म्हणजे आपलं "त्याचं असं आहे की". या तीन शब्दांनंतर खरं कारण येणार हे समोरच्याला कळतं आणि तो ऐकतो. पर्याय दोन दिले की निदान एक तरी जमण्यासारखा निघतो. हॉटेल भरलेलं असलं तरी एखाद्या रिकाम्या खोलीचा शॉवर किंवा जिमचा शॉवर वापरू देणं त्यांच्या हातात असतं. नाव विचारताना आवाज नेहमीचाच ठेवा. सकाळी डेस्कवर दुसरी व्यक्ती असेल, तेव्हा रात्री कुणाशी बोलणं झालं ते सांगता आलं पाहिजे.

वेळेबद्दल एक लक्षात ठेवा. तिकडे "हाफ एट" म्हणतात तेव्हा साडेआठ असतात. शंका आली तर "एट थर्टी?" असं विचारून खात्री करून घ्या.

खोली गार पडलीय, हीटर लागत नाही. काय म्हणायचं?

खिडकीखालचा पांढरा लोखंडी पट्टा म्हणजे रेडिएटर. त्याच्या टोकाला खाली एक मूठ असते आणि तिच्यावर सहसा १ ते ५ आकडे आणि एक हिमकण असतो. हिमकणावर म्हणजे जवळजवळ बंद. तीन-चारवर फिरवून ठेवा आणि अर्ध्या तासाने हात लावून बघा. बऱ्याच जुन्या हॉटेलांत गरम पाण्याचा हा पुरवठा ठरावीक वेळीच चालू असतो, म्हणून आधी तेच विचारा:

"इज द हीटिंग ऑन अ टायमर?"

चालू असायला हवा आणि तरी गार आहे असं कळलं तर:

"द रेडिएटर इज टर्न्ड अप टू फाइव्ह, बट इट्स स्टोन कोल्ड. कुड वुई हॅव अ पोर्टेबल हीटर फॉर टुनाइट, प्लीज? अँड अ कपल ऑफ एक्स्ट्रा ब्लँकेट्स?"

सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मूल असेल तर तेही सांगा: "माय मदर इज एटी अँड शी फील्स द कोल्ड." कारण दिलं की ब्लँकेटं लवकर येतात.

उन्हाळ्यात उलटी अडचण होते. तिथल्या कितीतरी हॉटेलांत एसी नसतोच आणि खिडकी साधारण १० सेंटिमीटरच उघडते. कुणी खाली पडू नये म्हणून तशी अडवलेली असते. ती बिघडलेली नसते, त्यामुळे त्याची तक्रार करू नका. "इट्स रिअली वॉर्म इन हिअर. डू यू हॅव अ फॅन वुई कुड बॉरो?" असं विचारलं की बहुतेकदा टेबलफॅन मिळतो.

आपल्याकडचे कोणते इंग्रजी शब्द तिथे कळत नाहीत?

सगळ्यात आधी गीझर. ब्रिटनमध्ये गीझर म्हटलं की जमिनीतून उसळणारा उष्ण पाण्याचा झरा आठवतो, आणि बोलीत म्हाताऱ्या गृहस्थालाही तसं म्हणतात. त्याऐवजी फक्त "नो हॉट वॉटर" म्हणा. पाणी कशावर तापतं ते त्यांचं ते बघतील.

कॉट मागू नका. तिथे कॉट म्हणजे बाळाचा पाळणावजा पलंग, आणि प्रामाणिकपणे तोच आणून देतील. मोठ्या माणसाला हवा असेल तर "ॲन एक्स्ट्रा बेड" म्हणा. कमोड म्हणजे तिथे आजारी माणसाच्या खोलीतली भांडं बसवलेली खुर्ची, म्हणून "टॉयलेट" म्हणा. एसीपेक्षा "एअर कॉन" चटकन कळतं. आपण जिला रजई म्हणू ती जाड गोधडीसारखी वस्तू म्हणजे "डूव्हे", आणि लाइट गेले तर "द पॉवर्स गॉन इन अवर रूम". पण त्याआधी दाराजवळच्या खाचेत की-कार्ड घातलंय का ते बघा. कार्ड काढलं की सगळी खोली बंद होते.

आपला गोल पिनांचा चार्जर तिथल्या चौकोनी पिनांच्या सॉकेटमध्ये बसत नाही: "डू यू हॅव ॲन अडॅप्टर फॉर ॲन इंडियन प्लग?" बाथरूममधल्या शेव्हरच्या छोट्या सॉकेटवर फोन किंवा केसांचा ड्रायर लावायचा प्रयत्न करू नका, ते फक्त दाढीच्या यंत्रासाठी आणि टूथब्रशसाठी असतं.

टॉयलेट तुंबलंय. हे सांगायला फार लाज वाटते.

वाटून घेऊ नका. एका वाक्यात सांगून टाका: "आय ॲम अफ्रेड द टॉयलेट इज ब्लॉक्ड." किंवा "द टॉयलेट वोन्ट फ्लश." यापुढे ते तपशील विचारत नाहीत आणि आपणही देऊ नयेत.

बेसिन किंवा शॉवरचं पाणी सावकाश जात असेल तर "द शॉवर इज ड्रेनिंग व्हेरी स्लोली". नळ गळत असेल तर "द टॅप इज ड्रिपिंग". छतातून पाणी येत असेल तर लगेच, रात्री कितीही वाजले असले तरी, "देअर्स वॉटर कमिंग थ्रू द सीलिंग" असं सांगा. वरच्या खोलीत काहीतरी वाहतंय आणि हॉटेललाही ते ताबडतोब कळायला हवं असतं.

ट्विन रूम बुक केली होती आणि मिळाली एक मोठा पलंग असलेली. बदलून मागता येते का?

हो, आणि हे सामान उघडण्याआधी सांगा. ट्विन म्हणजे दोन वेगळे पलंग आणि डबल म्हणजे एकच मोठा. दोन मैत्रिणी, बहीण-भाऊ, बाप-लेक बरोबर असतील तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो.

"वुई बुक्ड अ ट्विन, बट द रूम हॅज अ डबल बेड. कुड यू चेक द बुकिंग, प्लीज?"

खोली शिल्लक नाही असं उत्तर आलं तर आणखी एक विचारा: "कॅन द बेड बी स्प्लिट?" ब्रिटनमधल्या पुष्कळ हॉटेलांत मोठा पलंग म्हणजे चेनने जोडलेले दोन पलंग असतात. गादीखाली मधोमध जोड दिसला तर हाउसकीपिंगवाले थोड्या वेळात ते वेगळे करून देतात.

गादीत ढेकूण आहेत असा संशय आहे. सांगावं की सकाळपर्यंत थांबावं?

थांबू नका. आणि आधी बॅगा पलंगावरून आणि गालिच्यावरून उचलून बाथरूमच्या फरशीवर ठेवा.

मग चादर उचलून गादीच्या शिवणी आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फळीची मागची बाजू मोबाइलच्या उजेडात बघा. पेनच्या टोकाएवढे काळे ठिपके, रक्ताचे बारीक डाग किंवा सफरचंदाच्या बीएवढे चपटे तपकिरी किडे दिसले तर फोटो काढा. किडा सापडला तर पारदर्शक चिकटपट्टीवर चिकटवून ठेवा. नुसत्या अंगावरच्या गांध्यांवरून काही सिद्ध होत नाही, त्या डासाच्याही असू शकतात.

हे फोनवर न सांगता खाली जाऊन सांगा. आवाज हळू ठेवा, शेजारी दुसरे पाहुणे असतील तर थोडं थांबा. हॉटेलच्या दृष्टीने ही सगळ्यात नाजूक तक्रार असते आणि चारचौघांत न बोलल्याबद्दल ते आभारी असतात.

"कुड आय हॅव अ क्वाएट वर्ड, प्लीज? वुई हॅव फाउंड व्हॉट लुक लाइक बेडबग्ज ऑन द मॅट्रेस. आय हॅव टेकन अ फोटो."

"व्हॉट लुक लाइक" म्हणजे "तसे दिसतात असे". खात्रीने "यू हॅव बेडबग्ज" म्हणण्यापेक्षा हे बरं. ठरवायचं काम फोटोवर सोडा. नवी खोली मागताना एक अट जरूर घाला, कारण ढेकूण भिंतीतून आणि पाइपांच्या कडेने शेजारच्या खोलीत जातात:

"वुड इट बी पॉसिबल टू हॅव अ रूम दॅट इजन्ट नेक्स्ट डोअर, ऑर डायरेक्टली अबव्ह ऑर बिलो?"

शिवाय, "कुड अवर क्लोद्ज बी वॉश्ड ॲट सिक्स्टी डिग्रीज, प्लीज?" हेही मागायला हरकत नाही. ६० अंशांचं पाणी आणि त्यानंतर निदान अर्धा तास गरम ड्रायर, यात किडे आणि अंडी दोन्ही मरतात. भारतात परतायला आठवडा असेल तर हे तिथेच उरकून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

शेजारच्या खोलीत मोठ्याने गाणी चालू आहेत. स्वतः जाऊन सांगू का?

नको. रिसेप्शनला सांगा: "द रूम नेक्स्ट डोअर इज क्वाइट नॉइझी. कुड समवन हॅव अ वर्ड विथ देम, प्लीज?" "हॅव अ वर्ड" म्हणजे समजावून सांगणं. यात भांडणाचा सूर नसतो. अर्ध्या तासाने आवाज तसाच असेल तर पुन्हा फोन करा: "सॉरी, इट्स रूम थ्री-वन-फाइव्ह अगेन. आय ॲम अफ्रेड द नॉइझ हॅझन्ट स्टॉप्ड."

दोनदा सांगून झालं, तरी काही होत नाही. आता आवाज चढवावा का?

चढवू नका. ब्रिटनमध्ये आवाज चढला की बोलण्याचा विषय बदलतो. मग खोलीचं बिघडलेलं राहतं बाजूला आणि तुमचं वागणं हाच प्रश्न होऊन बसतो. अनेक डेस्कांवर "आमच्या कर्मचाऱ्यांशी अरेरावी चालणार नाही" अशी पाटी असते आणि ते ती पाळतात. शब्द सौम्य ठेवून वेळा सांगा, त्यांचंच वजन पडतं.

"आय फर्स्ट रिपोर्टेड धिस ॲट हाफ पास्ट टेन लास्ट नाइट, अँड अगेन ॲट एट धिस मॉर्निंग. आय ॲम अफ्रेड इट स्टिल हॅझन्ट बीन फिक्स्ड. कुड आय स्पीक टू द ड्यूटी मॅनेजर, प्लीज?"

ड्यूटी मॅनेजर म्हणजे त्या पाळीला जबाबदार असलेला माणूस. खोली बदलणं, नाश्ता मोफत देणं, बिलातून रक्कम कमी करणं हे बहुतेकदा त्याच्याच हातात असतं. पैशाचं बोलणं असं काढा:

"वुई हॅव हॅड नो हॉट वॉटर फॉर टू नाइट्स. वुड यू बी एबल टू टेक समथिंग ऑफ द बिल?"

हे मागणं आगाऊपणाचं नाही. तिथल्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार पैसे घेऊन दिलेली सेवा वाजवी काळजीने द्यावी लागते. ती तशी दिली नाही आणि वेळेत सुधारलीही नाही, तर किंमत कमी करून मागता येते. कायद्याचं नाव पहिल्याच वाक्यात काढू नका. सौम्यपणे विचारून सरळ नकार आला, तर मग "आय बिलीव्ह अंडर द कन्झ्युमर राइट्स ॲक्ट वुई कॅन आस्क फॉर अ प्राइस रिडक्शन" एवढं म्हणा. पूर्ण पैसे परत मागण्यापेक्षा जेवढी गैरसोय झाली तेवढ्याच प्रमाणात मागितलं तर मान्य व्हायची शक्यता जास्त.

ते जे उत्तर देतात त्याचा खरा अर्थ काय?

"बेअर विथ मी" म्हणजे जरा थांबा, मी बघतोय. "आय विल गेट समवन अप टू यू" म्हणजे माणूस वर पाठवतो, खोलीतच थांबा. "लीव्ह इट विथ मी" म्हणजे माझ्यावर सोपवा. यात वेळ दिलेली नसते, ती आपण विचारायची. "आय विल सी व्हॉट आय कॅन डू" हे वचन नाही, पण नकारही नाही. "वुई आर फुली बुक्ड, आय ॲम अफ्रेड" म्हणजे आज खोली रिकामी नाही. त्यावर विचारा: "वुड एनीथिंग बी अव्हेलेबल टुमॉरो?"

दारावर "डू नॉट डिस्टर्ब" ची पाटी लावून माणसाची वाट बघू नका. ती दिसली की तो परत जातो आणि नोंदवहीत "पाहुण्यांना नको होतं" असं लिहिलं जातं.

कधी सभ्य वाक्यं बाजूला ठेवायची?

जळका वास, धूर, सॉकेटमधून ठिणगी, किंवा कुणी बेशुद्ध पडलं तर माफीचं वाक्य नको, प्रश्नही नको. "देअर्स स्मोक इन रूम थ्री-वन-फाइव्ह" एवढं सांगून बाहेर पडा. ॲम्ब्युलन्स, अग्निशमन दल आणि पोलिस यांसाठी ब्रिटनभर ९९९ नंबर आहे, ११२ सुद्धा चालतो. हॉटेलच्या फोनवरून लावताना आधी बाहेरच्या लाइनचा आकडा दाबावा लागतो, तो फोनवरच लिहिलेला असतो. मोबाइलवरून थेट लागतो.

फायर अलार्म वाजला तर विचारायला रिसेप्शनला फोन करू नका, जिन्याने खाली उतरा, लिफ्ट वापरू नका. अंघोळीच्या वाफेने किंवा खोलीत लावलेल्या उदबत्तीनेही अलार्म वाजू शकतो, म्हणून बाथरूमचं दार लावून घ्या आणि उदबत्ती, निरांजन टाळा. वाफेनेच वाजला असं वाटलं तर खाली भेटल्यावर सरळ सांगा: "आय थिंक द स्टीम फ्रॉम अवर शॉवर सेट इट ऑफ. आय ॲम सो सॉरी."

खोली सोडून घरी आल्यावर ईमेल केली तर चालेल का?

करता येते, पण तोवर त्यांना दुरुस्तीची संधीच मिळालेली नसते आणि पहिलं उत्तर तेच येतं. म्हणून मुक्कामातच सांगा आणि सांगितल्याचा पुरावा ठेवा. त्यासाठी डेस्कवर बोलून झाल्यावर त्याच संध्याकाळी हॉटेलच्या पत्त्यावर दोन ओळी पाठवायच्या: "थँक यू फॉर युवर हेल्प धिस ईव्हनिंग. जस्ट टू कन्फर्म, वुई रिपोर्टेड अ प्रॉब्लेम विथ द शॉवर इन रूम थ्री-वन-फाइव्ह ॲट हाफ पास्ट टेन." यात तक्रारीचा सूर नाही, आभारच आहेत, पण तारीख आणि वेळ लेखी राहते. बुकिंग एखाद्या संकेतस्थळावरून केलं असेल तर परतावा बरेचदा त्यांच्यामार्फत मागावा लागतो, आणि ते सगळ्यात आधी हीच ईमेल मागतात.